रंगकामाच्या चौकशीला तयार उत्तरं: काय साठवावं, काय हाताने लिहावं

गणपतीच्या महिनाभर आधी मुंबईतल्या छोट्या रंगकाम कंत्राटदाराला दिवसभर एकच प्रश्न येत असतो: "2 बीएचके रंगवायला किती होतील?" कोणी मराठीत विचारतं, कोणी हिंदीत, कोणी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून. दर वेळी सगळं टाइप करायचं तर साइटवरचं काम राहून जातं. सगळ्यांना एकच मजकूर चिकटवला तर समोरच्याला तो लगेच ओळखू येतो आणि तो पुढच्या कंत्राटदाराकडे वळतो. म्हणून ज्या ओळी दर गिऱ्हाइकाला सारख्याच असतात तेवढ्याच साठवायच्या आणि जिथे घर बदलतं तिथे ठळक मोकळी जागा सोडायची.

साठवायची सोय व्हॉट्सॲप बिझनेसमध्येच आहे. साध्या व्हॉट्सॲपमध्ये ती नाही. Business tools मध्ये Quick replies उघडा, + दाबा, मजकूर लिहा, त्याला छोटं नाव द्या आणि Save करा. नंतर कुठल्याही चॅटमध्ये / टाइप केलं की यादी येते. हवं ते निवडलं की मजकूर लिहायच्या चौकटीत उतरतो. तो लगेच जात नाही, पाठवायच्या आधी बदलता येतो, आणि आपला सगळा भर त्यावरच आहे. 50 उत्तरं साठवता येतात, पण आठ-दहाच्या पुढे गेलात तर शोधण्यातच वेळ जाईल. नावं इंग्रजी अक्षरांत आणि तोकडी ठेवा: चौकशीसाठी मराठीत `/chm`, हिंदीत `/chh`. ज्या भाषेत विचारणा झाली त्याच भाषेत उत्तर गेलं पाहिजे, त्यामुळे दोन्ही हवीत.

मोकळ्या जागेची खूण नीट निवडा. व्हॉट्सॲपमध्ये * आणि _ या चिन्हांनी अक्षरं ठळक किंवा तिरकी होतात, म्हणून ती टाळा. लाल गोळा 🔴 चांगला. घाईतही तो डोळ्यांना खुपतो. नियम एकच: चौकटीत एक जरी लाल गोळा दिसत असला तरी पाठवायचं नाही. तरीही चुकून गेलाच, तर मेसेज 15 मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो.

चौकशीचं उत्तर

> 🔴
> रंगाचा खर्च कार्पेट एरियावर नाही, भिंती आणि छताच्या मापावर ठरतो. त्यासाठी घर बघावं लागेल, अर्धा तास पुरेल. त्याआधी तीन गोष्टी कळवा: घर रिकामं आहे की राहतं? कुठे ओल किंवा पोपडे आहेत का? सोसायटीत कामाची वेळ काय?
> पाहणीसाठी जमेल तो दिवस: 🔴

पहिली ओळ कायम रिकामी ठेवा आणि ती समोरच्याच्या मेसेजमधूनच लिहा. त्याने "मुलीचं लग्न आहे, डिसेंबरच्या आधी हवं" असं लिहिलं असेल, तर पहिली ओळ "लग्नाच्या आधी काम संपवायचं असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करावी लागेल." एवढ्या एका ओळीने खालचा सगळा मजकूर त्याच्यासाठीच लिहिल्यासारखा वाटतो. "चौकशीबद्दल धन्यवाद" ही ओळ मात्र साठवूच नका. ती कोणी वाचत नाही.

मराठीत एक अडचण हमखास येते. "🔴च्या घराची पाहणी" असं साठवलं तर दादर आणि वरळीला चालतं, पण ठाणे आणि कुर्ला भरलं की "ठाणेच्या", "कुर्लाच्या" असं होतं आणि साचा उघडा पडतो. म्हणून मोकळ्या जागेला प्रत्यय जोडू नका. "ठिकाण: 🔴" असं लिहा. तसंच "मी येऊन गेलो" न लिहिता "पाहणी झाली" लिहा, कारण त्याच फोनवरून कधी नवरा उत्तर देतो, कधी बायको. काका, ताई, साहेब हेही साच्यात नको. ते माणूस बघून हातानेच घाला.

कोटेशन

इथे साठवायचा तो फक्त सांगाडा. दर कधीच साठवू नका. डब्यांचे भाव बदलतात आणि जुना आकडा मेसेजमधून गिऱ्हाइकाच्या हातात गेला की मागे घेता येत नाही.

> 🔴
> माप: 🔴 चौ. फूट (भिंती आणि छत)
> काम: 🔴
> दर: 🔴 रु. प्रति चौ. फूट
> रक्कम: 🔴, जीएसटी 18 टक्के: 🔴, एकूण: 🔴
> यात धरलंय: सामान झाकणं, घासकाम, शेवटची झाडलोट. धरलेलं नाही: गळतीची दुरुस्ती, सोसायटीचं डिपॉझिट.
> हा दर 🔴 पर्यंत.

गोरेगावचं एक घर धरू. कार्पेट 550 चौरस फूट, पण भिंती आणि छत मोजल्यावर 1,850. नमुन्यादाखल 22 रुपये दर घेतला तर रक्कम 40,700, जीएसटी 7,326, एकूण 48,026 रुपये. (जीएसटीची नोंदणी नसेल तर ती ओळच काढून टाका, नोंदणीशिवाय तो लावता येत नाही.) शेवटच्या ओळीत "15 दिवस" न लिहिता तारीखच लिहा. मेसेज पुढे गेला की दिवस कुठून मोजायचे यावरून वाद होतो.

आता वरचा लाल गोळा. तिथे घरातली एकच गोष्ट यावी, पाहणी केल्याशिवाय कोणी लिहूच शकणार नाही अशी: "हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवरचा फुगवटा खिडकीच्या चौकटीपासून खाली आलाय. बाहेरची फट बुजवून भिंत सुकल्याशिवाय तिथे रंग टिकणार नाही, म्हणून ती भिंत शेवटी घेऊ." खाली 48,026 का, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

अशी ओळ संध्याकाळी आठवत नाही. दिवसात चार घरं बघितली की सगळे फुगवटे सारखेच वाटतात. त्यासाठी पाहणी चालू असतानाच त्या भिंतीचा फोटो त्याच गिऱ्हाइकाच्या चॅटमध्ये टाका, खाली एक ओळ लिहून: "हॉल, पश्चिम, खिडकीखाली ओल". गिऱ्हाइकालाही बरं वाटतं, आणि तुमची नोंद जिथे हवी तिथेच राहते.

पाठपुरावा

तीन-चार दिवसांनी तोच फोटो शोधा, बोटाने बाजूला सरकवून त्यालाच उत्तर द्या आणि मग साचा घ्या:

> कोटेशनमध्ये काही विचारायचं आहे का? 🔴

गोळ्याच्या जागी काही तरी नवं हवं: "खिडकीबाहेरची फट पाऊस थांबला की दोन दिवसांत बुजवता येईल", किंवा "21 तारखेला एक टीम मोकळी होतेय". नवं काहीच नसेल तर त्या दिवशी मेसेज करू नका. दुसरा पाठपुरावा कोटेशनची तारीख संपायच्या आदल्या दिवशी करा आणि तिथेच थांबा. तोच मजकूर एका दिवसात तीस जणांना गेला तर काहीजण तो स्पॅम म्हणून कळवतात आणि नंबर बंद पडू शकतो.

तक्रारीला मात्र साचा ठेवू नका. "पोपडा आलाय" म्हणणाऱ्याला "लवकरच संपर्क करू" अशी साठवलेली ओळ गेली की तो तिचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. तिथे फोनच करा.

दर महिन्याच्या 1 तारखेला Quick replies उघडून बघा. ज्या उत्तरात दर वेळी तुम्ही तीच एक ओळ हाताने बदलता, तिथे लाल गोळा टाका. जे महिनाभरात एकदाही वापरलं नाही, ते काढून टाका.