सांडपाण्याच्या संपात उतरण्याआधी: गाळ ढवळा, मग गॅस मोजा

संप साफ करायचा म्हणजे माणूस आत सोडायचाच, ही सवय आधी मोडायला हवी. अपार्टमेंटच्या संपाचं बहुतेक काम सक्शन टँकर आणि जोरात पाणी मारणाऱ्या जेटिंगच्या पाइपने वरूनच होतं. 2013 च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावायला बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूर्ण साधनांनिशी उतरण्याचे अपवाद मोजकेच आहेत. तळाला बसवलेला सबमर्सिबल पंप काढणं हा त्यातला एक. इतर अत्यावश्यक कारणासाठी महापालिका आयुक्तांची लेखी परवानगी लागते. ‘आमची पोरं सवयीची आहेत’ हे वाक्य त्या कायद्यात कुठेही नाही.

म्हणून इथे तोच प्रसंग घेऊ. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या इमारतीच्या पार्किंगखाली 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद, 3 मीटर खोल संप आहे. पंप गाळात रुतलाय, साखळी तुटली आहे आणि वरून ओढून तो निघत नाही.

टँकरने संप पूर्ण उपसून घ्या. येणाऱ्या लाइनला प्लग लावा आणि रहिवाशांना काम संपेपर्यंत पाणी न सोडायला सांगा. पंपाचा ब्रेकर पाडून कुलूप लावा, किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात. नुसतं बटण बंद करून चालत नाही, कारण फ्लोट स्विच वर उचलला गेला की ऑटोवरचा पंप आपोआप सुरू होतो. बाहेर जाणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्हही बंद करा, नाहीतर पंप सोडवताना उभ्या पाइपातलं पाणी उलटं अंगावर येतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडे चालली असेल, तर काम पुढे ढकला. त्या दिवसांत लाइन कधी उलटी भरेल याचा नेम नसतो.

आता गॅस मोजणं. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते.

मेणबत्ती सोडून बघणं बंद करा. हायड्रोजन सल्फाइड माणसाला पाडण्याइतका असला तरी मेणबत्ती निवांत जळत राहते, आणि मिथेन असला तर तीच भडका उडवते. वासावरही जाऊ नका. सडक्या अंड्याचा वास येतो तो अगदी थोड्या प्रमाणात. 100 पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांच्या आसपास नाकच बधिर होतं. ‘मघाशी वास होता, आता गेला’ असं कुणी म्हणालं, तर त्याला तिथून आधी मागे घ्या.

चार गॅसचा डिटेक्टर लागतो: ऑक्सिजन, पेट घेणारे वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड. तो रस्त्यावर, मोकळ्या हवेत चालू करा आणि तिथेच शून्यावर आणा. झाकणाजवळ शून्यावर आणलेला डिटेक्टर तिथल्या घाण हवेलाच स्वच्छ हवा समजतो आणि पुढचं प्रत्येक वाचन कमी दाखवतो.

झाकण उघडल्यावर नळी वरच्या, मधल्या आणि खालच्या थरात सोडा. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड म्हणून तळाला बसतो, मिथेन हलका म्हणून वर राहतो. प्रत्येक थराला दोन मिनिटं थांबा. पाच मीटर नळीतून हवा डिटेक्टरपर्यंत यायलाच अर्धा मिनिट जातो, मग सेन्सर स्थिरावतो. घाईत नळी खाली-वर केली, तर तळाचा आकडा कधी दिसतच नाही. नळीच्या टोकाला पाणी अडवणारा फिल्टर हवा.

समजा वर हायड्रोजन सल्फाइड 2 पीपीएम आहे, मध्ये 9 आणि तळाला 64. आता ब्लोअर लावा. डक्टचं टोक तळापासून अर्ध्या मीटरवर राहू द्या, तोंडाशी लोंबकळतं ठेवाल तर वरचीच हवा वर फिरत राहील. ब्लोअर हवा ओढतो ती जागा बाहेर मोकळ्यावर हवी. जनरेटरच्या किंवा टँकरच्या धुराजवळ अजिबात नको. पार्किंग बंदिस्त असेल, तर संपातून निघणारी हवा दुसऱ्या डक्टने इमारतीबाहेर काढा. नाहीतर वर उभा असलेला माणूसच तिच्यात सापडतो. ऑक्सिजनचं सिलिंडर मात्र संपात कधीही सोडू नका. जादा ऑक्सिजनमध्ये ग्रीस आणि कपडे एका ठिणगीने पेट घेतात.

आपला संप 18 घनमीटरचा. डक्टमधून प्रत्यक्ष तासाला 500 घनमीटर हवा पोचत असेल, तर हवा साडेसात वेळा बदलायला सोळा-सतरा मिनिटं लागतात. वीस मिनिटं धरा. पुन्हा मोजलं तर तिन्ही थरांत हायड्रोजन सल्फाइड शून्य आणि ऑक्सिजन 20.8 टक्के. इथे बहुतेक जण उतरतात. थांबा.

तुम्ही मोजली ती मोकळी हवा. गॅसचा साठा अजून गाळात आहे. टँकरचा पाइप ओढत नाही असा वीस-तीस सेंटिमीटरचा थर पंपाभोवती शिल्लक असतो: ग्रीस, सॅनिटरी पॅड, वाळू. वर साय धरलेली असते आणि खाली ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू गॅस तयार करत असतात. त्यात पाय पडला किंवा पंप हलवला, की सोड्याची बाटली हलवल्यासारखा तो एकदम सुटतो, आणि माणूस तेव्हा नेमका त्यावरच वाकलेला असतो.

म्हणून ब्लोअर चालू ठेवून वरूनच, जेटिंगच्या पाइपने किंवा लांब बांबूने, पंपाभोवतीचा गाळ पाच मिनिटं चांगला ढवळा आणि तळाला पुन्हा मोजा. आकडा 38 वर गेला, तर तेवढा गॅस तुमच्या माणसाच्या तोंडावर आला असता. पातळ झालेला गाळ टँकरने ओढून घ्या, हवा द्या, पुन्हा ढवळा. ढवळत असतानाही आकडा 5 च्या खाली राहिला, तरच उतरण्याचा विचार करा. पेट घेणाऱ्या वायूचं वाचन शून्य हवं. ऑक्सिजन 19.5 च्या वर असला की उतरायचा परवाना देतात, पण हवा दिल्यावरही 20.8 ऐवजी 20.0 च दिसत असेल, तर सुमारे चार टक्के हवेची जागा दुसऱ्याच कशाने घेतली असू शकते. ते काय आहे हे कळेपर्यंत उतरू नका.

उतरणाऱ्याला पूर्ण अंगाचा हार्नेस घाला, पाठीच्या कडीला ट्रायपॉडच्या विंचची दोरी अडकवा आणि छातीवर चालू डिटेक्टर लावा. रुमाल किंवा धुळीचा मास्क हायड्रोजन सल्फाइडला अडवत नाही. प्रकाशाला 24 व्होल्टचा, ठिणगी न पडणारा दिवा. ब्लोअर शेवटपर्यंत चालू.

वरचा माणूस वरच राहील. तो फोनवर बोलणार नाही, चहाला जाणार नाही आणि काहीही झालं तरी आत उतरणार नाही. दर मिनिटाला हाक मारा. उत्तर आलं नाही किंवा डिटेक्टर वाजला, तर का ते विचारत बसू नका. विंच फिरवा आणि 101 किंवा 112 ला फोन लावा. खाली पडलेला सख्खा भाऊ असला तरी मागे उडी टाकायची नाही. त्याला पाडणारी हवा तुम्हालाही तितक्याच वेळात पाडते. विंचची कसरत कामाआधी एकदा करून घ्या, म्हणजे दोरी झाकणाच्या कडेला अडकते का ते कळतं.

पंप बाहेर आला की आधी माणूस वर, मग अवजारं. माणसं मोजा, झाकण बसवा, प्लग काढा, व्हॉल्व्ह उघडा आणि ब्रेकरचं कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढा.