जबाबात पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहा

कंपनीच्या अंतर्गत चौकशीत साक्षीदार म्हणून जबाब देताना ‘सुपरवायझरने शिवीगाळ करून त्याला ढकललं’ असं एका दमात लिहू नका. समजा प्रकार अंधेरीच्या गोदामात घडला आणि तुम्ही बाहेर पॅसेजमध्ये होतात. मग क्रमाने लिहा: ‘मी पॅन्ट्रीतून परतत होतो. आतून सुपरवायझरचा आवाज आला, “कल से मत आना.” लगेच काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मी दारात पोचलो तेव्हा सहकारी खाली बसलेला होता. ढकलताना मी पाहिलं नाही.’

हे शेवटचं वाक्य लिहायला हात कचरतो, पण ते लिहाच. ‘तिथून तुम्हाला दिसत होतं का?’ हा प्रश्न उलटतपासणीत हमखास येतो, आणि तिथे गडबडलात तर खरं ऐकलेलंही संशयात येतं. बोलणं हिंदीत झालं असेल तर हिंदीतच उतरवा, शिवीसकट.

वेळ नक्की आठवत नसेल तर अंदाजाने आकडा ठोकू नका. ‘दुपारचा चहा येऊन गेल्यावर, मी घरी 4:25 ला फोन लावला त्याआधी’ असं लिहा आणि कॉलच्या नोंदीचा स्क्रीनशॉट ठेवा. नंतर इतरांकडून कळलेलं शेवटी, कोणी सांगितलं त्या नावासह.