आयआयपीवर कलमन फिल्टर लावताय? मग या चुका टाळा

औद्योगिक उत्पादन निर्देशांक, म्हणजे आपला आयआयपी, इतका उड्या मारतो की एका महिन्याच्या आकड्यावरून काही बोलणं धोक्याचं असतं. म्हणून लोक कलमन फिल्टरकडे वळतात, ते बरोबरच आहे. त्यातलं सगळ्यात साधं मॉडेल म्हणजे लोकल लेव्हल. खरी पातळी दर महिन्याला थोडी सरकते, आणि आपल्याला दिसणारा आकडा म्हणजे ती पातळी अधिक गोंगाट.

```
y[t]   = mu[t] + eps[t]
mu[t+1] = mu[t] + eta[t]
```

फिल्टरचं काम एका ओळीचं आहे. नवा आकडा अंदाजापेक्षा जितका वेगळा आला, त्या फरकाचा K इतका हिस्सा खरा मानायचा आणि उरलेला गोंगाट म्हणून सोडून द्यायचा. हा K येतो दोन व्हेरियन्सच्या गुणोत्तरातून. `eta` चा व्हेरियन्स `eps` च्या एक दशांश असेल तर K साधारण ०.२७ वर स्थिरावतो, एक शतांश असेल तर ०.१० च्या आत.

एवढं पाहून मंडळींना वाटतं की झालं, पायथॉनच्या चार ओळींचं काम. नाईल नदीच्या १८७१ ते १९७० च्या प्रवाहाचं पुस्तकी उदाहरण चालवून पाहतात, तो सुंदर आलेख येतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच कोडात आयआयपी ओततात. नाईलचे आकडे वार्षिक आहेत. त्यांना ना दिवाळी माहीत, ना लॉकडाउन.

माझा सगळ्यात जास्त संताप होतो तो वर्षागणिक वाढीचा दर फिल्टरमध्ये घालणाऱ्यांवर. बातमीत तोच आकडा येतो, फाइलमध्ये तोच स्तंभ तयार असतो, आणि ऋतुमानाची कटकटही आपोआप मिटल्यासारखी वाटते. मोह कळतो, पण यात नेमकं काय होतं ते पाहा.

मॉडेलची एक मूलभूत अट आहे. या महिन्याच्या गोंगाटाचा इतर कुठल्याही महिन्याच्या गोंगाटाशी संबंध नसावा. आता समजा, एखाद्या महिन्यात काही कारखान्यांची माहिती चुकीची आली आणि निर्देशांक ३ टक्क्यांनी फुगला. त्या महिन्याची वर्षागणिक वाढ ३ अंकांनी वर जाईल. K ०.२७ असेल तर फिल्टरची पातळी ०.८ ने वर चढेल, मग पुढच्या महिन्यांत ०.६, ०.४ अशी उतरत जाईल. इथपर्यंत ठीक, फिल्टर कशासाठी असतो तर यासाठीच. पण बारा महिन्यांनी तोच फुगलेला आकडा भागाकारात खाली येतो. आता वाढ ३ अंकांनी कमी दिसते आणि फिल्टर पुन्हा फसतो, या वेळी उलट्या दिशेने. चूक एक, भुतं दोन. आणि दुसरं भूत येतं तेव्हा पहिलं सगळे विसरलेले असतात, त्यामुळे घसरणीची कारणमीमांसा सुरू होते.

हे ओळखायला सोपं आहे. फिल्टरच्या एक-महिना-पुढच्या चुका घ्या आणि त्यांचा स्वसहसंबंध बघा. बाराव्या महिन्यावर खाली जाणारी मोठी काडी दिसली की समजायचं, कुणीतरी वर्षागणिक दर घातलाय. मला कोड बघावंच लागत नाही.

एकदा आमच्या जुन्या ऑफिसात एका हुशार मुलाने २०२१ च्या मध्यावर असाच आलेख आणला. एप्रिल २०२० मध्ये निर्देशांक ५४ पर्यंत कोसळला होता. आदल्या एप्रिलात तो १२६.५ होता. म्हणजे उणे ५७ टक्के. एप्रिल २०२१ मध्ये तो पुन्हा १२६ च्या आसपास आला आणि वाढ दिसली १३० टक्क्यांच्या वर. दोन वर्षांत गाडी जिथल्या तिथे, पण फिल्टरची रेषा गगनाला भिडलेली. मी विचारलं, "K किती आला रे?" तो म्हणाला, "सर, ०.९ च्या वर." म्हणजे फिल्टरने काहीच गाळलेलं नव्हतं, आकड्यांवरूनच दुसरी रेघ ओढली होती. पडझड आणि उसळी दोन्ही सलग काही महिने चालल्या, त्यामुळे मॉडेलला वाटलं की पातळीच एवढी वेडीवाकडी धावते. गोंगाटाचा वाटा त्याने जवळजवळ शून्य धरला. त्या दोन वळणांपायी दहा वर्षांच्या चांगल्या महिन्यांचाही बट्ट्याबोळ झाला.

माझी सवय अशी. निर्देशांकच घ्यायचा, ऋतुमान काढायचं (दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात येते, तिची वेगळी सोय करून), लॉग घेऊन १०० ने गुणायचं. मग प्रत्येक फरक टक्क्यांत वाचता येतो. लॉकडाउनचे महिने मी सरळ रिकामे ठेवतो.

```python
y = 100 * np.log(iip_sa)
y.loc['2020-03':'2020-06'] = np.nan
m = sm.tsa.UnobservedComponents(
    y, level='local linear deterministic trend')
r = m.fit()
```

रिकाम्या महिन्याचं फिल्टरला काही वाटत नाही. त्या महिन्यात K शून्य होतो, पातळी ठरलेल्या चालीने पुढे जाते आणि अनिश्चितता वाढत राहते. यावर काही जण म्हणतात की उत्पादन खरंच पडलं होतं, तुम्ही ते लपवताय. लपवत नाही. आलेखावर ते महिने दिसतातच, फक्त त्यांच्यावरून इतर महिन्यांचा स्वभाव ठरवू देत नाही. मात्र रिकाम्या जागी सरासरी किंवा मागच्या महिन्याचा आकडा भरू नका. फिल्टरला तो खरा, मोजलेला आकडा वाटतो.

कोडातल्या `level` मध्ये नुसतं `'local level'` का नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नुसत्या लोकल लेव्हलला वाटतं की पातळी सरासरीने जागच्या जागी असते, आणि आयआयपी तर वर्षानुवर्षं चढतोय. महिन्याला ०.३ ची चढ असेल आणि K ०.२७, तर फिल्टरचा पुढच्या महिन्याचा अंदाज कायम १.१ अंकांनी मागे रेंगाळतो. एक-महिना-पुढच्या चुकांची सरासरी शून्याच्या वर दिसली तर हाच रोग आहे. स्थिर चढ जोडली की तो जातो.

सुरुवातीची पातळी शून्य आणि तिचा व्हेरियन्सही शून्य देऊ नका. लॉग घेतलेला निर्देशांक ४६० च्या पुढे असतो आणि बिचारा फिल्टर शून्यापासून रांगत यायला लागतो. व्हेरियन्स अवाढव्य द्या, पहिल्या आकड्यातच तो जागेवर येईल.

`eta` चा व्हेरियन्स शून्य आला म्हणून नाचू नका. लहान मालिकेत असं नेहमी होतं. "पातळी अजिबात बदलत नाही" असा शोध त्यातून लागलेला नसतो, एवढ्या महिन्यांतून ठरवता आलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

आता ती चूक, जी मी स्वतः केली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी साहेबांना एक आलेख दाखवला. त्यात २००८ ची घसरण आमच्या मॉडेलने निर्देशांक पडण्याच्या आधीच पकडलेली दिसत होती. साहेबांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे आधी कळलं कसं याला?" मी काहीतरी "ट्रेंडमध्ये कमकुवतपणा दिसायला लागला होता" असं बोललो. ते म्हणाले, "आकड्यात नव्हता आणि ट्रेंडमध्ये होता? कुठून आला?"

आला होता भविष्यातून. मी फिल्टरऐवजी स्मूदरची रेषा काढली होती. फिल्टर फक्त आजपर्यंतचे आकडे बघतो. स्मूदर सगळी मालिका हातात आल्यावर मागे वळून प्रत्येक महिन्याचा अंदाज दुरुस्त करतो, त्यात पुढचे महिनेही मोजतो. इतिहास लिहायला तो उत्तम आहे. त्या वेळी आम्हाला काय कळलं असतं, हे सांगायला मात्र तो निरुपयोगी.

साहेबांनी मला त्याच दिवशी एक गणित हाताने करायला लावलं, ते मी आजही नव्या माणसाला देतो. गोंगाट नाही असं धरा. आकडा बराच काळ १००, मग एका महिन्यात ९० आणि पुढे ९० च. K ०.२७, चढ शून्य. फिल्टर पडझडीच्या महिन्यात ९७.३ म्हणतो, पुढच्या महिन्यात ९५.३, त्यापुढे ९३.९. उशीर आहे, पण प्रामाणिक आहे. स्मूदरची रेषा पडझडीच्या तीन महिने आधीच ९७.८ ला आलेली असते, दोन महिने आधी ९६.९, एक महिना आधी ९५.८. आकडा अजून टिचभरही हललेला नसताना. आलेखात असं दिसलं की प्रश्न एकच विचारायचा, `r.level.smoothed` काढलंय की `r.level.filtered`?

आणि फिल्टरची रेषा काढली म्हणून सुटलात असंही नाही. K ज्या व्हेरियन्समधून आला, ते तुम्ही आजपर्यंतची सगळी मालिका वापरून काढलेले असतात. मागच्या काळाची परीक्षा घ्यायची तर दर महिन्याला त्या महिन्यापर्यंतच्याच आकड्यांवर मॉडेल पुन्हा बसवा. ऋतुमानही तिथवरच्याच आकड्यांतून काढा. वेळ लागतो. लागू द्या.

आकडेही तेव्हाचेच हवेत, आजचे सुधारलेले नाहीत. जानेवारी २०१२ चा आयआयपी मार्चमध्ये जाहीर झाला तेव्हा वाढ ६.८ टक्के होती. एप्रिलमध्ये ती १.१ झाली. कारण साखर! साखर उत्पादनाचा आकडा चुकून फार मोठा कळवला गेला होता. ऐन गाळपाच्या हंगामातली साखर, तिचा घोळ आख्ख्या देशाच्या निर्देशांकाला हलवून गेला. लॉगच्या मोजपट्टीवर तो साडेपाच अंकांचा होतो. K ०.२७ असलेल्या फिल्टरची पातळी त्या महिन्यात दीड अंकाने फुगली असती. आजच्या फाइलमध्ये हे काहीच दिसत नाही, तिथे जानेवारी शहाण्यासारखा बसलेला असतो. म्हणून मी दर महिन्याची फाइल जाहीर झाल्याच्या तारखेसकट वेगळी साठवतो, जुनीवर नवी कधीच चढवत नाही. आमच्याकडे नवीन आलेल्यांना पहिल्या आठवड्यात हेच काम असतं, आणि त्यांना ते अजिबात आवडत नाही.