छापील किमतीपेक्षा जास्त घेतले? पत्रात आकडे असे मांडा

कळंगुटला किनाऱ्याजवळच्या दुकानात ‘थंड करण्याचे’ म्हणून बाटलीमागे पाच रुपये जादा घेतात. हे चुकीचेच आहे. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात आणि फ्रिजचा खर्च वेगळा लावता येत नाही. भांडत बसू नका, बिल मागा आणि बाटलीवरच्या छापील किमतीचा फोटो काढा. मग पत्र द्या:

‘महोदय, आज आपल्याकडून 20 रुपये छापील किमतीच्या पाण्याच्या 2 बाटल्या व 40 रुपयांची 3 शीतपेये घेतली. छापील किमतीने 40 + 120 = 160 रुपये होतात. आपण 50 + 135 = 185 घेतले. जादा घेतलेले 25 रुपये सात दिवसांत परत करावेत, अन्यथा वजनमाप खात्याकडे तक्रार करीन. बिल व फोटोची प्रत सोबत आहे.’

दुसऱ्या प्रतीवर दुकानदाराची सही आणि तारीख घ्या. सही नाकारली तर पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. बिलच दिले नाही तर यूपीआयची नोंद जोडा. त्यात फक्त एकूण रक्कम दिसते, म्हणून वस्तूंची यादी पत्रात हवीच. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

शॅकमध्ये टेबलावर बसून मागवलेल्या बाटलीला मात्र हे लागू नाही. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हॉटेल-रेस्टॉरंटना तिथे जास्त दर लावता येतो.