रोगभारापासून नेमक्या प्रश्नापर्यंत: प्रबंधाचं प्रास्ताविक लिहिताना

उच्च रक्तदाबाच्या गोळ्या सुरू करून मध्येच सोडणारे रुग्ण, हा माझ्या प्रबंधाचा विषय. प्रास्ताविकाच्या पहिल्या मसुद्यात तीन पानं रोगभारच होता: जगात किती रुग्ण, पक्षाघात, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार. चौथ्या पानावर एकदम ‘या भागात असा अभ्यास झालेला नाही, म्हणून हा अभ्यास हाती घेतला’. गाइड मॅडमनी वाचून एवढंच विचारलं, "यातला कोणता आकडा काढला तर तुझा प्रश्न उभाच राहणार नाही?" मला एकही दाखवता आला नाही. आकडे खरे होते, पण माझ्या प्रश्नाशी त्यांचा संबंध नव्हता.

मग मी सगळं बाजूला ठेवून जागतिक आरोग्य संघटनेचे मोजके आकडे घेतले. 2019 मध्ये 30 ते 79 वयोगटातल्या सुमारे 128 कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता. त्यांतल्या 46 टक्क्यांना तो असल्याचं माहीतच नव्हतं. निदान होऊन उपचार घेणारे 42 टक्के, आणि रक्तदाब आटोक्यात असलेले साधारण 21 टक्के. हे सगळे टक्के एकूण रुग्णांपैकी आहेत. इथे बरेच जण घसरतात. ‘उपचार घेणाऱ्यांपैकी 21 टक्के आटोक्यात’ असं लिहिलं की अर्थच बदलतो, कारण उपचार घेणाऱ्यांपैकी ते प्रमाण निम्मं आहे. प्रत्येक टक्क्यापुढे ‘कोणापैकी?’ हे लिहून ठेवायची सवय मला तेव्हा लागली.

मग शंभर रुग्ण कल्पून गळती मांडली. 54 जणांना आजार माहीत, 42 उपचारांवर, 21 आटोक्यात. सर्वांत मोठी गळती निदानाआधीच होते, 46 जणांची. माझा विषय तिथला नव्हता. हे लपवावं असं आधी वाटलं, पण परीक्षक ते पहिल्यांदा पाहणार, म्हणून दुसऱ्याच परिच्छेदात ते स्पष्ट लिहिलं आणि पुढे गेले.

माझा प्रश्न सापडला तो 54 आणि 42 यांच्यामधल्या 12 जणांत. आजार माहीत आहे, पण औषध चालू नाही, असे हे लोक. सर्वेक्षणात सहसा ‘सध्या गोळ्या घेता का?’ एवढंच विचारतात. त्यामुळे ज्याने कधी गोळी सुरूच केली नाही आणि ज्याने दोन महिने घेऊन सोडली, हे दोघं एकाच रकान्यात जातात. पहिल्याला गोळीची गरज पटलेली नाही. दुसऱ्याला एकदा पटली होती, नंतर काहीतरी घडलं. दोघांसाठी करायचे उपायही वेगळे.

सोडणाऱ्यांची कारणं तरी कुणी विचारली आहेत का, हे पाहायला मी वाचलेल्या लेखांचा तक्ता केला. निष्कर्षांचा रकाना फारसा कामी आला नाही. कामी आला तो ‘नमुना कुठून घेतला, कोण वगळले गेले’ हा रकाना. माझ्या तक्त्यातले बहुतेक अभ्यास दवाखान्यात आलेल्या रुग्णांना प्रश्न विचारणारे होते. गोळ्या का चुकतात याची उत्तरं त्यांत भरपूर होती, पण ती अजूनही दवाखान्यात येणाऱ्यांची होती. ज्यांनी येणंच थांबवलं, ते नमुन्यात असणारच नव्हते. नवख्यांना माझं सांगणं आहे की लेखाची पद्धत आणि मर्यादा निष्कर्षांच्या आधी वाचा. ज्ञानातली पोकळी बहुधा तिथेच सापडते.

‘आमच्या भागात झालेला नाही’ हे वाक्य सर्रास दिसतं. ते चालतं, पण एका अटीवर: इथलं उत्तर वेगळं का येईल, याचं कारण देता आलं पाहिजे. मला ते देता येत नव्हतं, म्हणून ते वाक्य काढलं. ‘एकही अभ्यास नाही’ हेही काढलं. त्याऐवजी कोणत्या संग्रहांत, कोणते शब्द वापरून, कोणत्या तारखेपर्यंत शोधलं ते सांगितलं आणि ‘या शोधात आढळला नाही’ असं लिहिलं.

शेवटी तीन पानांची दीड पानं झाली आणि पोकळीचं वाक्य असं उतरलं: ‘उपचार सुरू केल्यापासून सहा महिन्यांत दवाखान्यात येणं थांबवलेल्या रुग्णांची औषध सोडण्याची कारणं, दवाखान्यातूनच नमुना घेणाऱ्या अभ्यासांतून कळू शकत नाहीत.’ लगेच खाली उद्दिष्ट: ‘उपचार नोंदवहीतून असे रुग्ण शोधून, घरी भेटून, ती कारणं नोंदवणे.’ मॅडमनी दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून शब्द जुळवून पाहिले: सहा महिने, येणं थांबवलेले, कारणं. पोकळीत ‘कारणं’ आणि उद्दिष्टात ‘प्रमाण’ असतं, तर मसुदा परत आला असता.