मामाच्या साठीला शुभेच्छा लिहिताना या चुका टाळा

यंदा जूनमध्ये आमच्या मामाला साठ वर्षं पूर्ण झाली. दादरला एका छोट्या हॉलमध्ये घरच्यांचं जेवण ठरलं. आम्ही पाच जणांनी, म्हणजे तीन भाचरं आणि दोन पुतणे यांनी, मिळून एक मजकूर लिहायचा, तिथे वाचून दाखवायचा आणि फ्रेम करून द्यायचा असं ठरवलं. पहिला खर्डा असा होता:

"आदरणीय मामा, आपण वयाच्या ६०व्या वर्षात पदार्पण करत आहात. वय हा तर फक्त आकडा आहे! आपण आजही पंचविशीतले तरुण दिसता. आता धावपळ थांबवा, आराम करा, तब्येतीची काळजी घ्या. आपणांस षष्ठ्यब्दीपूर्तीच्या हार्दिक शुभेच्छा."

लिहिणाऱ्याच्या मनात मामाबद्दल प्रेमच होतं. तरी मोठ्याने वाचल्यावर आम्ही सगळे गप्प झालो, कारण हा मजकूर कुणाच्याही मामाला चालला असता. त्यात आमचा मामा कुठेच नव्हता. शिवाय चुका होत्या त्या वेगळ्याच.

आधी आकडा नीट करा

साठावा वाढदिवस म्हणजे साठ वर्षं पूर्ण. त्या दिवशी माणूस ६१व्या वर्षात पाऊल टाकतो, साठाव्या वर्षात तो गेल्याच वर्षी गेलेला असतो. 'षष्ठ्यब्दी' हा शब्दही चुकलेला आहे. संस्कृतात 'षष्टि' म्हणजे साठ आणि 'षष्ठी' म्हणजे सहावी. त्यामुळे ट चा ठ झाला की साठीची सहावी होते. 'षष्ट्यब्दीपूर्ती' असं लिहा, नाहीतर सरळ 'साठी' म्हणा. हा शब्द घरातला आहे आणि बोलायला सोपाही. 'अभीष्टचिंतन'मधली भी दीर्घ आहे, तीही पुष्कळदा ऱ्हस्व छापली जाते.

आमच्यातल्या एकाला संवत्सराची कल्पना सुचली. आपल्या पंचांगात साठ संवत्सरांचं चक्र असतं, म्हणून साठीला माणूस जन्माच्या वेळच्याच संवत्सरात परत येतो. कल्पना मलाही फार आवडली. पण मामाचा जन्म जून १९६६चा, शके १८८८, आणि आता शके १९४८. दोन्ही वर्षांच्या संवत्सराचं नाव 'पराभव'. शुभेच्छांच्या फ्रेममध्ये तो शब्द नको, म्हणून नाव न घेता फक्त चक्राचा उल्लेख ठेवला. तुम्हीही असं काही लिहिणार असाल तर आधी पंचांग उघडून नाव बघा.

तो मामा की काका?

आम्हा तिघांचा तो मामा आणि आम्ही त्याला 'तू' म्हणतो. त्याच्या भावाची मुलं त्याला 'काका, तुम्ही' म्हणतात. पहिल्या खर्ड्यात या अडचणीवर 'आपण' हा तोडगा काढला होता आणि त्याने सगळ्यांचाच सूर हरवला. आयुष्यभर 'ए मामा' अशी हाक मारणारी भाची अचानक 'आपण' म्हणायला लागली की माणूस एका क्षणात परका आणि म्हातारा होतो. वयाचा अवघडलेपणा इथूनच सुरू होतो, हे मला तेव्हा कळलं.

मग आम्ही मजकुराचे चार तुकडे केले. सुरुवात आणि शेवट अशा वाक्यांचा केला की क्रियापदातून तू किंवा तुम्ही दिसणारच नाही: 'साठ वर्षं पूर्ण झाली', 'मनापासून शुभेच्छा'. मधला एक परिच्छेद भाचरांचा, 'तू'मध्ये. दुसरा पुतण्यांचा, 'तुम्ही'मध्ये. प्रत्येकाने आपापल्या हाकेत लिहिल्यावर मजकूर एकदम बोलता झाला.

वय लपवूही नका, त्यावर विनोदही नको

'पंचविशीतले दिसता' हे कौतुक साठीच्या माणसाला खोटं वाटतं, कारण आरसा त्याच्याकडेही आहे. 'आराम करा, तब्येत सांभाळा' यात काळजी असते, पण जिन्यावरून धाप न लागता चढणाऱ्या माणसाला ते चारचौघांत ऐकायला बरं वाटत नाही. औषधाची आठवण फोनवर करावी. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तर हसण्यावारीही नको, कारण हॉलमध्ये बसलेल्या आणखी चार वडीलधाऱ्यांनाही ती लागते.

मग वयाबद्दल लिहायचं तरी कसं? आम्हाला एक वाट सापडली: त्याचं वय आपल्या वयाशेजारी ठेवायचं.

मे १९९९मध्ये मामा आम्हा चौघा पोरांना लालबागहून राणीच्या बागेत घेऊन गेला. वार होता बुधवार आणि बुधवारी राणीची बाग बंद असते. फाटकापाशी माझं रडणं सुरू झालं. मामाने दोन मिनिटं विचार केला, आम्हाला डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या सीटवर बसवलं आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत नेऊन परत आणलं. तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि मामा बत्तीस वर्षांचा. आज मी पस्तीसची आहे, म्हणजे त्या दिवशीच्या मामापेक्षा मोठी. हे हिशेबाचं वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता.

अशी आठवण निवडताना एक काळजी घ्या. 'तुझ्या काळी डबलडेकर होत्या' असं लिहिलंत की तो इतिहासात जमा होतो. 'तू आम्हाला नेलंस' असं लिहिलंत की तो तिथे हजर राहतो. एकाच आठवणीला जागा द्या. आम्ही आधी अकरा घातल्या होत्या आणि ती यादी झाली होती.

शेवटी ठरलेला मजकूर:

"साठ वर्षं पूर्ण झाली, संवत्सरांचं एक चक्र फिरून आलं. मनापासून शुभेच्छा!

मामा, तू बत्तीस वर्षांचा होतास तेव्हा बुधवारी बंद राणीच्या बागेसमोर चार रडकी पोरं तुझ्या हाताला होती. तू आम्हाला डबलडेकरच्या पहिल्या सीटवर बसवलंस. आज आम्ही तुझ्या त्या वयाच्या पुढे गेलोय आणि आमच्या पोरांसमोर फाटक बंद असलं की तू काय केलं असतंस ते आठवतो.

काका, बाबा रात्रपाळीला असायचे तेव्हा आमच्या दहावीच्या गणिताला तुम्ही रोज रात्री बसलात. उत्तर चुकलं तरी तुम्ही कधी खोडलं नाहीत, 'परत बघ' एवढंच म्हणालात. आम्ही अजून परत बघतो.

मामीच्या हातची आमटी आणि ही हाक, दोन्ही अशीच उदंड मिळत राहोत. आशीर्वाद असावेत.

— तुमची भाचरं आणि पुतणे"

सावकाश वाचायला याला दीड मिनिट पुरतं. पहिला तुकडा सगळ्यात लहान पुतण्याने वाचावा, मधले ज्याचे त्याने.

छापायला देताना फाइल पीडीएफ करून द्या. नुसता मजकूर पाठवला तर दुकानातल्या फॉन्टमध्ये 'वर्षं', 'ऱ्या' यांसारखी अक्षरं फुटण्याची शक्यता असते. छापण्याआधी पडद्यावर प्रत्येक ओळ स्वतः वाचा. अक्षर मात्र मोठं ठेवा. आम्ही ए-फोर कागदावर १८ पॉइंट घेतलं आणि एवढा मजकूर त्यात आरामात बसला. फ्रेम हातात आल्यावर मामाने ती तशीच वाचली, सगळ्यांसमोर खिशातला चष्मा शोधावा लागला नाही.