जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा: या चुका टाळा

नागपुरात महाल आणि इतवारीच्या जुन्या वस्तीत जे विटांचे वाडे अजून उभे आहेत, त्यांपैकी अनेकांच्या तळमजल्यावर एकच दृश्य दिसते. जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत सिमेंटचा करडा पट्टा असतो आणि त्याच्या लगेच वर, जिथे जुना चुन्याचा गिलावा सुरू होतो, तिथे पोपडे, पांढरा खार आणि भुसभुशीत झालेल्या विटा असतात. घरमालक सांगतात की ओल वाढली म्हणून सिमेंट लावावे लागले. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ओल आधीच होती आणि ती वर ढकलण्याचे काम सिमेंटने केले.

या भिंतींच्या पायात आजच्यासारखा ओलरोधक थर नसतो, त्यामुळे जमिनीतले पाणी विटांच्या बारीक छिद्रांतून थोडेथोडे वर चढतच असते. चुन्याचा गिलावा आणि विटांच्या सांध्यांत भरलेल्या चुन्याच्या दरजा सच्छिद्र असल्याने हे पाणी भिंतीच्या पृष्ठभागातून वाफ होऊन निघून जाते. चढणारे आणि उडणारे पाणी यांचा मेळ एखाद-दोन फुटांवर बसतो आणि ओल त्यापुढे जात नाही. सिमेंटच्या दाट गिलाव्यातून वाफ फार कमी सुटते. पाणी मात्र खालून येतच राहते, म्हणून ते सिमेंटच्या मागून वर सरकते आणि जिथे पहिली मोकळी जागा मिळेल तिथे बाहेर पडते. पाण्याबरोबर जमिनीतले क्षारही चढतात आणि त्यांत सिमेंटमधल्या विद्राव्य क्षारांची भर पडते. पाणी उडून गेल्यावर हे क्षार विटेच्या छिद्रांत स्फटिकरूपाने साठतात, फुगतात आणि विटेचा दर्शनी भाग आतून फोडतात. लोणा लागणे म्हणतात ते हेच.

महालातल्या एका वाड्याची भिंत या दृष्टीने पाहण्यासारखी होती. साधारण दीड फूट जाडीची, जुन्या पातळ विटांची आणि जाड दरजांची ही भिंत आतून दोन फुटांपर्यंत ओलसर होती, म्हणून तिच्यावर तीन फुटांपर्यंत जलरोधक रसायन घालून सिमेंटचा गिलावा केला गेला. पुढच्या काही पावसाळ्यांत ओलीची रेषा साडेचार फुटांवर गेली आणि भिंतीत बसवलेल्या लाकडी खांबाचा बुंधा कुजू लागला. ठोकल्यावर जिथे पोकळ आवाज येत होता, तिथला सिमेंटचा तुकडा काढला तेव्हा त्याच्या पाठीला विटांचे दर्शनी पापुद्रे जसेच्या तसे चिकटून आले. मागे राहिलेली वीट बोटाने खरवडली तरी लाल भुकटी सांडत होती आणि तिच्यावर कापसासारखा पांढरा खार होता. घराबाहेर पाहिले तर रस्ता सिमेंटचा होताना इतका उंच झाला होता की पूर्वी पायरी चढून जायचे ते घर आता पायरी उतरून जाण्याचे झाले होते, आणि पावसाचे पाणी थेट जोत्याशी साचत होते.

यातली पहिली चूक पाण्याचा उगम न शोधण्याची आहे. जोत्यालगतची नाली फुटली असेल, छताची पन्हळ भिंतीवरच गळत असेल किंवा अंगणाचा उतार घराकडे असेल, तर चुना लावूनही भिंत कोरडी होणार नाही. चुना पाण्याला वाट देतो, अडवत नाही. या वाड्यातही आधी बाहेरचा उतार फिरवून पाणी दूर नेणे हेच पहिले काम होते.

दुसरी चूक मजबूत मालाच्या मोहाची आहे. जुनी वीट मऊ असते आणि उन्हा-पावसात भिंत किंचित हलत असते. चुन्याची दरज ती हालचाल सोसते आणि तडा गेलाच तर दरजेत जातो, जी पुन्हा भरता येते. सिमेंटची दरज विटेपेक्षा कडक असल्याने ताण विटेवर येतो आणि वीट फुटते. दगडी भिंतीतही हेच घडते, मात्र दगडाप्रमाणे परिणाम बदलतो. काळा बसाल्ट स्वतः फारसे पाणी घेत नाही, त्यामुळे सगळी ओल दरजांतूनच निघायची असते आणि त्या सिमेंटने बुजवल्या की ती आत कोंडते. कामठी भागात सापडतो तसा वालुकाश्म मात्र सच्छिद्र असतो. तिथे सिमेंटची दरज शाबूत राहते आणि शेजारचा दगड झिजून खोलगट होतो. दरज दगडाच्या पुढे उभी राहिलेली दिसली, तर कारण शोधायला लांब जावे लागत नाही.

तिसरी चूक दुरुस्तीची सुरुवात ब्रेकर किंवा ग्राइंडरने करण्याची. पोकळ वाजणारे सिमेंट छिन्नी-हातोडीने सहज निघते, ते काढावे. जे घट्ट बसले आहे ते ओढून काढताना विटाच हातात येतात. माझ्या मते असा भाग काही काळ राहू द्यावा, तो सुटू लागला की काढावा. उघडी पडलेली भिंत शक्य असल्यास हिवाळा-उन्हाळाभर वाळू द्यावी. फुललेला खार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करावा. पाण्याने धुतला तर तो विरघळून पुन्हा आत शिरतो.

माल ठरवण्यापूर्वी जुन्या मालाचा एक खडा सौम्य आम्लात टाकून पाहावा. चुना फसफसून विरघळतो आणि तळाशी वाळू व सुरखी म्हणजे विटांची पूड उरते. तिच्या दाण्यांचा आकार आणि रंग पाहून नवा माल जुळवता येतो. ओलसर भागासाठी एक भाग विरवलेला चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग स्वच्छ वाळू हे सुरुवातीचे प्रमाण ठीक असते, पण त्याचा छोटा नमुना भिंतीवर लावून पाहावा. सुरखी कमी भाजलेल्या विटांची असावी, कारण चुन्याशी संयोग पावणारा गुण तिच्यात अधिक असतो. चुनकळी विरवताना पाण्यात चुना टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. ते उकळून उसळते, म्हणून डोळ्यांना चष्मा लावणे अनिवार्य आहे. तयार चुना निदान काही आठवडे पाण्याखाली मुरू द्यावा. लवकर घट्ट व्हावा म्हणून घमेल्यात मूठभर सिमेंट टाकण्याची गवंड्यांची सवय सुटत नाही. पण एवढ्या सिमेंटने माल धड सिमेंटचाही होत नाही आणि धड चुन्याचाही राहत नाही.

दरजा भरताना त्या रुंदीच्या निदान दुप्पट खोलीपर्यंत मोकळ्या कराव्यात, विटा ओल्या कराव्यात आणि माल दाबून बसवावा. गिलाव्याचा प्रत्येक थर सुमारे एक सेंटिमीटरपेक्षा जाड नसावा. नागपूरच्या उन्हाळ्यात हे काम काढूच नये. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो. मे महिन्यात तो एका दुपारी वाळतो आणि नंतर हाताला पावडर लागते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य, तेव्हाही ओले गोणपाट टांगून आठवडाभर तरी थर दमट ठेवावा.

शेवटचा थर चुन्याच्या सफेदीचाच असावा, प्लास्टिक पेंट लावला तर सिमेंटने जे केले तेच पुन्हा घडेल. खाराने भरलेल्या भिंतीवरचा पहिला चुन्याचा गिलावा एक-दोन वर्षांत खालून झडू शकतो. झडलेला माल हाताने चुरडताना मिठासारखा कण जाणवत असेल आणि मागची वीट टणक असेल, तर तो बिघाड नव्हे. खार विटेऐवजी गिलाव्यात आला आहे, आणि तेवढाच पट्टा काढून नवा चढवायचा असतो. मागची वीटही भुसभुशीत लागली, तर पाणी अजून कुठूनतरी येते आहे आणि पुन्हा जोत्याकडे पाहावे लागेल.